चांगल्या दिवसांची नोंद

"पाळीच्या आधीचे आठ-नऊ दिवस मी माणसातच नसते. किरकोळ कारणावरून आरडाओरडा, मग रडणं, मग सगळं सोडून द्यावंसं वाटणं. पाळी आली की दोन दिवसांत पुन्हा नॉर्मल. हे सगळ्याच बायकांना होतं तसलं पीएमएस आहे, की मला काही आजार आहे?"

हे शब्द एकीचे असले तरी माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ते वेगवेगळ्या आवाजांत अनेकदा ऐकलेत. त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. नाव नको, ओळखीच्या खुणाही बदलल्यात. वय चौतीस, नोकरी जबाबदारीची, नवरा, एक मुलगी.

ती पहिल्यांदा आली तेव्हा हसतमुख होती. खुर्चीत बसल्याबसल्या म्हणाली, "खरं तर आज यायची गरजच नव्हती. अपॉइंटमेंट घेतली तेव्हा फार वाईट चाललं होतं. आता अगदी बरी आहे." मी ते वाक्य ऐकलं आणि सोडून दिलं. पुढच्या तीन भेटी आम्ही रागावर काम केलं, नवऱ्याशी बोलण्याच्या पद्धतीवर काम केलं. काम छान झालं, फक्त उपयोग काही झाला नाही. एका संध्याकाळी तिचा फोन आला, "राजीनामा लिहिलाय, उद्या पाठवते." मी माझी डायरी उघडली. अपॉइंटमेंटसाठी तिनं केलेला पहिला फोन, मध्ये एकदा रडत केलेला फोन आणि हा. प्रत्येक दोहोंत अठ्ठावीस-एकोणतीस दिवसांचं अंतर. हे मला पहिल्याच भेटीत दिसायला हवं होतं, कारण "आता अगदी बरी आहे" हीच सगळ्यात महत्त्वाची माहिती तिनं दिली होती.

राजीनामा तिनं थांबवला. पुढच्या भेटीत मी तिला एक तक्ता दिला. रोज संध्याकाळी भरायचा. उदास वाटणं, चिंता किंवा ताण, मन एकदम भरून येणं, राग-चिडचिड, कामात रस नसणं, लक्ष न लागणं, थकवा, खाण्याची ओढ, झोप, सगळं हाताबाहेर गेल्यासारखं वाटणं आणि अंगाच्या तक्रारी, म्हणजे छाती दुखणं, पोट फुगणं, सांधे ठणकणं. प्रत्येकासमोर १ ते ६ मधला आकडा. १ म्हणजे अजिबात नाही, ६ म्हणजे टोकाचं. रक्तस्राव असेल त्या दिवशी खूण. शेवटी एक मोकळा रकाना, दिवसभरात काय झालं त्यासाठी.

महिन्यानंतर तिनं कागद आणला तेव्हा त्यात फक्त नऊ दिवस भरलेले होते. सगळे वाईट.

"बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस चांगले होते. चांगल्या दिवशी लिहायचं काय?"

इथेच बहुतेक जणी अडकतात, म्हणून इथे जरा थांबते. पीएमएस आणि पीएमडीडी, म्हणजे पाळीआधी मन बिघडवणारा गंभीर आजार, यांत फरक काय, असं विचारलं की उत्तर मिळतं, "पीएमडीडी म्हणजे जास्त पीएमएस." ते अर्धंच बरोबर आहे. पीएमएसमध्ये एखाददुसरा त्रास असला तरी पुरतो आणि तो निव्वळ शरीराचाही असू शकतो. पोट फुगतं, थोडी चिडचिड होते, पण कामं होतात, नाती टिकतात. पीएमडीडीच्या निदानाला त्या अकरापैकी निदान पाच लक्षणं लागतात आणि त्यांत मनाच्या चार मुख्य तक्रारींपैकी, म्हणजे मूडचे हेलकावे, राग, उदासी, चिंता यांपैकी, एक तरी असावीच लागते. शिवाय घर, काम किंवा नाती यांना खरा धक्का बसलेला असावा लागतो. पण तेवढ्यानंही निदान होत नाही. लक्षणं पाळीआधीच्या आठवड्यात असतात, पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत ओसरू लागतात आणि पाळीनंतरच्या आठवड्यात जवळजवळ नाहीशी होतात, हे दिसायला हवं. तो रिकामा, शांत आठवडा कागदावर नसेल तर निदानाचा निम्मा पुरावाच नसतो.

आठवणीवर भरवसा ठेवून चालत नाही. वाईट दिवसांत बसलेल्या बाईला अख्खा महिना वाईट गेल्यासारखा वाटतो, चांगल्या दिवसांत बसलेलीला "उगीच बाऊ केला" असं वाटतं. चार दिवसांचं एकदम भरलेलं पान मी बाजूला ठेवते. रोजच्या रोज, सलग निदान दोन पाळ्या. डॉक्टरही निदान पक्कं करायला हेच मागतात.

तिनं पुढचे दोन महिने नेमानं भरलं. ते कागद आम्ही टेबलावर एकापुढे एक लावले. रागाची ओळ मी मोठ्यानं वाचली. पाळीआधीच्या आठ दिवसांत ४, ५, ५, ६, ६, ६, ५, ६. पाळीच्या पहिल्या दिवशी ४, दुसऱ्या दिवशी २, तिसऱ्या दिवशी १. मग ओळीनं १, १, १. उदासीचीही तशीच उतरंड. दुसऱ्या महिन्यात पुन्हा तेच.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिचं बोट शेवटच्या रकान्यात गेलं. पाळीआधी चौथा दिवस : "मुलीला आणायला हा विसरला. फोन फेकला." राग ६. मग बोट पुढे सरकलं, पाळीनंतरचा आठवा दिवस : "हा पुन्हा विसरला. मीच गेले." राग २.

"तो तर दोन्ही वेळा विसरलाय," ती म्हणाली. "मी वेडी नाही. तो खरंच विसरतो!"

मी या क्षणाची वाट पाहत नव्हते, मला वाटलं होतं तिला चढउतार दिसेल आणि हायसं वाटेल. तिनं पाहिलं ते त्याहून पुढचं. घरात तिच्या प्रत्येक रागावर "तारीख जवळ आली का?" हा प्रश्न यायचा आणि तिथंच विषय संपायचा. कागदावर दोन गोष्टी सुट्या झाल्या. रागाची उंची पाळीआधीच्या दिवसांची होती, रागाचं कारण मात्र खरं होतं. मी विचार आणि वागणं यांवर काम करणाऱ्या परंपरेतली, त्यामुळे यातून लगेच एक नियम निघाला आणि तो आज माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला मी देते. पाळीआधीच्या दिवसांत ज्या तक्रारी सुचतात त्या लिहून ठेवायच्या, मांडायच्या नाहीत. पाळीनंतर आठव्या दिवशी यादी उघडायची. जी तेव्हाही खुपते ती खरी, ती बोलायची. राजीनामा, घटस्फोट, मोठी खरेदी यांनाही हाच नियम. तिच्या पहिल्या यादीत सहा तक्रारी होत्या. आठव्या दिवशी दोन उरल्या.

त्याच कागदावर पाळीआधीच्या तिसऱ्या दिवशी आणखी एक ओळ होती : "झोपून उठूच नये असं वाटलं." मी तिला सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का, कसा ते ठरवलंय का. ठरवलं नव्हतं, पण विचार येत होता. "पाळी आली की जाईल" म्हणून असं काही थांबवून ठेवू नये. पीएमडीडीत असे विचार येऊ शकतात आणि ते तेवढ्याच दिवसांचे असले तरी त्या दिवसांत धोका खराच असतो. त्या दिवसांत फोन कुणाला करायचा हे आम्ही तेव्हाच लिहून ठेवलं, नवऱ्यालाही सांगितलं आणि तिला तक्त्यासकट मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. निदान त्यांनी केलं. ते माझं काम नाही.

तिचा पहिला प्रश्न होता, "हार्मोनच्या तपासण्या सगळ्या नॉर्मल आहेत, मग आजार कसला?" पीएमडीडीत हार्मोनची पातळी बहुधा नॉर्मलच असते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाळीआधी त्रास होणाऱ्या स्त्रियांची बीजकोशातली हार्मोनं औषधानं थांबवली तेव्हा अनेकींचा त्रास कमी झाला, आणि इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन पुन्हा दिल्यावर तो परतला. त्रास नसलेल्या स्त्रियांना तेच दिलं तर मूडमध्ये फरक पडला नाही. म्हणजे हार्मोन तेवढंच, फरक त्याला मेंदू देत असलेल्या प्रतिसादात आहे. मानसिक की शारीरिक, हा प्रश्न त्यामुळे इथे फारसा टिकत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ साली पीएमडीडीला नैराश्याच्या आजारांत जागा दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात तो स्त्रीरोगांत आहे आणि नैराश्याच्या यादीतही त्याचा उल्लेख आहे.

डॉक्टरांनी तिला नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातलं औषध दिलं. नैराश्यात ही औषधं असर दाखवायला काही आठवडे घेतात, पीएमडीडीत मात्र बरेचदा काही दिवसांतच फरक पडतो. म्हणून काही जणींना ती महिनाभर न देता बीजोत्सर्गापासून पाळी येईपर्यंतच, म्हणजे साधारण दोन आठवडे, देता येतात. कुणाला कसं द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. मैत्रिणीची चिठ्ठी इथे चालत नाही. काही जणींना ड्रोस्पिरेनोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी बरं वाटतं, काहींचा मूड गोळ्यांनी आणखी बिघडतो.

एक वेगळा कागदही सांगायला हवा. दुसऱ्या एकीचे आकडे पाळीआधी ५-६ होते, पण पाळीनंतरही ३-४ वरच अडकलेले. तिला १ कधी मिळालाच नाही. ते पीएमडीडी नव्हतं. तिला नैराश्य होतं आणि पाळीआधी ते वाढत होतं, म्हणून तिचा इलाज महिनाभराचा झाला. ती मात्र "मला पीएमडीडी आहे" असं ठरवूनच आली होती. थायरॉइड, चिंतेचे आजार, बायपोलर यांतही पाळीआधी त्रास वाढलेला दिसू शकतो. बायपोलर असताना नुसतं एसएसआरआय दिलं तर मूड उलट्या टोकाला जाऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना मूड कधी अवाजवी चढतो का, झोपेची गरजच वाटत नाही का, हेही आठवणीनं सांगावं.

पहिलीच्या नवऱ्याला मी एकदाच बोलावलं. तो म्हणाला, "मग मी त्या दिवसांत काय बोलायचं?" मी म्हटलं, तारखेचा प्रश्न सोडून काहीही. आणि विसरायचं बंद करायचं.

पुढच्या तीन महिन्यांच्या तक्त्यांत पाळीआधीचे आकडे २ आणि ३ वर आले, अधूनमधून एखादा ४. सगळं गेलं नाही. मध्ये एकदा तिचा फोन आला तेव्हा सवयीनं मी आधी तारीख पाहिली. पाळीनंतरचा आठवा दिवस होता.

"यादीतल्या दोन अजून खुपतायत," ती म्हणाली. "त्याला घेऊन येऊ का?"