मेसेज समोरच्याच विंगमध्ये जातो तेव्हा

"आमच्याच सोसायटीतली एक मुलगी आवडते. मेसेजवर गप्पा होतात. आता जरा खट्याळ लिहावंसं वाटतं, पण बोभाटा नको आणि तिला अवघडायलाही नको. कसं लिहू?"

हाच प्रश्न घेऊन 32 वर्षांचा एक तरुण माझ्याकडे आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). दोघंही अविवाहित. गणपतीच्या वर्गणीच्या कामात ओळख झालेली आणि नंबर तिनेच दिलेला. हे मी मुद्दाम विचारून घेतलं. सोसायटीच्या ग्रुपमधून परस्पर नंबर उचलला असेल, तर गोड मेसेजनेही माणूस आधी दचकतं.

त्याने लिहून ठेवलेला मेसेज असा होता: 'काल गॅलरीत निळ्या कुर्त्यात काय दिसत होतीस! झोपच उडाली.' त्याच्या लेखी ही दाद होती. तिला मात्र त्यातून एवढंच कळलं असतं, की आपण घरात असतानाही कुणीतरी बघत असतं. ऑफिसमधला माणूस नकोसा झाला तर संध्याकाळी घर गाठता येतं. शेजारी नकोसा झाला तर घरातच जीव गुदमरतो. म्हणून गॅलरी, खिडकी, तिच्या जाण्यायेण्याच्या वेळा, तिच्याकडे आलेले पाहुणे हे विषय मेसेजमध्ये आणूच नयेत. थट्टा करायची ती दोघांत घडलेल्या गोष्टीवरून.

मग त्याने लिहिलं: 'वर्गणीचा हिशेब जुळला, आता तुझ्याशी बोलायला नवं कारण शोधतोय. शनिवारी चहा घेऊया? नाही म्हणालीस तरी पावत्या मीच फाडेन.' मला शेवटचं वाक्य फार आवडलं. नकार दिला तरी लिफ्टमध्ये तोंड चुकवावं लागणार नाही, हे त्यात आलं.

तिचं उत्तर आलं: 'पावत्या तशाही तूच फाडणार आहेस. शनिवारी नको, रविवारी चालेल.' दुसरा दिवस तिनं स्वतःहून सुचवला, हा खरा होकार. नुसता अंगठा, 'हाहा' किंवा 'बघू' आलं असतं तर मी त्याला तिथेच थांबायला सांगितलं असतं. 'रागावलीस का?' हा पाठपुरावाही नको. बाईने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही पुरुष पुन्हापुन्हा संपर्क करत राहिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार तो गुन्हा ठरतो.

गुप्ततेसाठी त्याला मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय लगेच सुरू करायची होती. मी थांबवलं. ती सुरू केल्याची सूचना चॅटमध्ये तिलाही दिसते, आणि न विचारता केलं तर काहीतरी लपवायचंय असं वाटतं. शिवाय स्क्रीनशॉट कधीही निघू शकतो. त्यापेक्षा तिलाच विचार म्हटलं, कधी आणि कसं लिहिलेलं चालेल. तिनं सांगितलं, रात्री दहानंतर नको, फोन आईच्या खोलीत चार्जिंगला असतो; आणि सोसायटीच्या ग्रुपवर नेहमीसारखंच, एक इमोजीही जास्त नको. त्याने लगेच मान्य केलं, आणि रविवारच्या चहासाठी दोघांनी सोसायटीपासून लांबचं हॉटेल निवडलं.