इमोजी काढल्यावर मेसेज कोरडा का पडतो?

प्रश्न: अंधेरीच्या आमच्या ऑफिसात सांगितलंय की कामाच्या मेसेजमध्ये इमोजी, 'पीएलझेड', 'टीवायएसएम', 'ईओडी' असलं काही नको. ते काढलं की माझा मेसेज थेट सरकारी परिपत्रक वाटतो. मराठीत हे साधं, माणसासारखं कसं लिहायचं?

उत्तर: इमोजी नुसता पुसून टाकला तर मेसेज उघडा पडतो आणि मग ती उणीव भरायला आपण 'कृपया', 'सदर', 'करण्यात यावे' हे शब्द आणतो. परिपत्रकाचा वास येतो तो तिथून. पुसण्याआधी बघायचं ते इतकंच, की ते चित्र त्या जागी नेमकं काय सांगत होतं. एकदा ते कळलं की तेच सांगणारं काहीतरी मराठीत बहुतेक वेळा सापडतं, आणि ते बहुधा क्रियापदात किंवा एखाद्या लहानशा अव्ययात असतं.

एक मेसेज घेऊ. अकाउंट्समधून साइट ऑफिसला गेलेला:

"हाय मॅडम 🙏 भांडुप साइटची बिलं पीएलझेड पाठवा ना ईओडीपर्यंत 😅 जीएसटीचं पण बाकी आहे 😬 टीवायएसएम 🙏🙏"

नियम पाळायचा म्हणून घाईत दुरुस्त केला की तो असा होतो:

"महोदया, भांडुप साइटची बिले कृपया आज दिवसअखेर पाठविण्यात यावीत. जीएसटीचे काम प्रलंबित आहे. धन्यवाद."

दुसरा मेसेज व्याकरणात चोख आहे, पण वाचणाऱ्या बाईंना वाटेल की आपलं काहीतरी चुकलंय. मूळ मेसेजमधली चित्रं काय करत होती ते बघा. पहिला 🙏 म्हणजे नमस्कार. 😅 म्हणजे 'ऐन वेळी मागतोय, याची मला कल्पना आहे'. 😬 म्हणजे 'अडचण माझी आहे, तुम्हाला दोष देत नाही'. शेवटचे दोन 🙏 म्हणजे काम होण्याआधीच मानलेले आभार. दुरुस्तीत नमस्कार गेला, कबुली गेली, अडचण कोणाची तेही गेलं. उरली फक्त मागणी. त्यात 'पाठविण्यात यावीत' मुळे मागणारा आणि देणारा दोघंही वाक्यातून गायब झाले.

आता तीच कामं शब्दांवर सोपवून:

"मॅडम, नमस्कार. भांडुप साइटची मागच्या महिन्याची बिलं आज संध्याकाळी सहाच्या आत मिळतील का? ऐन वेळी मागतोय, पण उद्या वीस तारीख, जीएसटीचं रिटर्न भरायचंय आणि तेवढीच राहिली आहेत. एखादं बिल आज मिळण्यासारखं नसेल तर त्याचा नंबर कळवून ठेवा, ते पुढच्या महिन्यात घेऊ."

'पाठवा' चं 'मिळतील का' झालं, म्हणजे हुकमाचा प्रश्न झाला आणि नाही म्हणायला जागा राहिली. 😅 ची जागा 'ऐन वेळी मागतोय' नं घेतली. 😬 च्या जागी खरं कारण आलं. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-३बी ची मुदत वीस तारखेची असते, साइटवरच्या माणसालाही ती तारीख सांगितली की घाई समजते. 'तेवढीच' या शब्दानं काम लहान असल्याचं सांगितलं. शेवटच्या वाक्यानं अडलं तर काय करायचं तेही दिलं. मेसेज लांबला खरा, पण 'ईओडी म्हणजे सहा की रात्री बारा?' हा उलट प्रश्न येणार नाही.

'धन्यवाद' शेवटी मुद्दाम घातलेलं नाही. आधीच मानलेले आभार मराठीत 'करणारच आहात' असा गृहीत धरलेला सूर लावतात. बिलं आल्यावर लिहा: "मिळाली सगळी. बरं झालं वेळेत पाठवलीत." यातल्या 'पाठवलीत' च्या शेवटच्या 'त' कडे लक्ष द्या. 'बिले प्राप्त झाली' मध्ये पाठवणारं कोणीच नाही. 'पाठवलीत' मध्ये तो एवढासा 'त' थेट 'तुम्ही' पर्यंत पोचतो. हात जोडलेली दोन चित्रं जे करू बघतात ते हे एक अक्षर करतं. ही सोय हाताशी असताना ती वापरायची नाही याचं खरंच वाईट वाटतं.

लहान अव्ययांबद्दल थोडं सावध राहायला हवं, कारण ती बोलताना आवाजावर चालतात आणि कागदावर आवाज नसतो. 'जरा' काम हलकं करतं: 'हा आकडा जरा बघाल का?' पण काम खरंच लहान असेल तरच. 'जरा पूर्ण वर्षाचं स्टेटमेंट काढून द्या' असं लिहिलं तर समोरचा चिडेल. आणि साध्या आज्ञेला जोडलं की 'जरा लवकर करा' हे सरळ रागावणं होतं. 'ना' बरोबरीच्या माणसाला चालतो, 'पाठव ना' मध्ये लाडीगोडी आहे. वरिष्ठानं हाताखालच्याला 'पाठवा ना' असं दोनदा लिहिलं की ती कटकट वाटते. 'येताय ना?' हा 'ना' वेगळा, तो नुसती खात्री करतो आणि कुठेही चालतो. 'हं' आश्वासन देतो, 'चारपर्यंत पाठवते हं', पण तो टीमपुरताच ठेवावा, क्लायंटला नको.

सगळ्यात जपायचं ते 'च' ला. 'आजच हवंय', 'अजून पाठवलंच नाही' ही वाक्यं लोक बिनधास्त लिहितात, कारण पुढे एक हसरा चेहरा असतो. चेहरा काढला आणि 'च' राहिला तर उरते फक्त टोचणी. अशा ठिकाणी चेहऱ्याबरोबर 'च' सुद्धा काढा: 'आज हवंय', 'अजून आलेलं दिसत नाही'.

👍 आणि 🙏 या दोघांची अडचण वेगळी आहे. त्यांचा सूर बरोबर असतो, अर्थच पक्का नसतो. 👍 म्हणजे 'पाहिलं', 'चालेल' की 'झालं'? तिन्हींत फार फरक आहे. कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांतात जवस खरेदीचा करार एकानं फोटो काढून पाठवला, शेतकऱ्यानं 👍 पाठवला. त्याचं म्हणणं, 'मिळालं' एवढंच सांगायचं होतं. न्यायालयानं २०२३ मध्ये ती करारावरची संमती धरली. आपल्याला तिथवर जायचं नाही, पण 'पाहिलं, दुपारी सांगतो', 'चालेल', 'झालं, फाइल फोल्डरमध्ये आहे' यांपैकी जे खरं ते लिहायला दोन-चार सेकंद लागतात. 🙏 तर आपल्याकडे नमस्कार, विनंती, आभार, माफी आणि श्रद्धांजली या पाचही जागी जातो. कोणी रजा मागितली आणि उत्तरात नुसता 🙏 आला, तर ती मिळाली की नाही?

शॉर्टफॉर्म सरसकट काढू नका. कसोटी सोपी: फोनवर बोलताना तोच शब्द तोंडात येतो का? जीएसटी, पीडीएफ, ओटीपी, टीडीएस, पीओ येतात, ते ठेवा. 'बीकेसीच्या ऑफिसला या' हे लिहायचं, 'वांद्रे-कुर्ला संकुलातील कार्यालयात उपस्थित राहावे' हे नको. त्यातून तर मेसेज यंत्रानं लिहिल्यासारखा होतो. मीटिंग, फाइल, साइट, प्लीज हे मुंबईत रोज बोलले जातात, तेही राहू द्या. 'पीएलझेड' चं 'प्लीज' करा किंवा क्रियापदालाच प्रश्न बनवा, 'कृपया' कडे धावू नका. जातात ते फक्त बोटांनी टाइप होणारे आणि तोंडानं कधी न बोलले जाणारे: पीएलझेड, टीवायएसएम, एचबीयू. 'ईओडी' आणि 'एएसएपी' काही जण बोलतातही, पण त्यांच्या जागी वेळ लिहावी. 'लवकरात लवकर' हे 'एएसएपी' इतकंच पोकळ आहे. जुन्या पत्रांतही 'सा. न. वि. वि.' आणि 'ता. क.' होतेच, पण त्यांची जागा ठरलेली होती आणि अर्थ एकच होता.

शॉर्टहँडमध्ये क्रियापद गळतं, त्याचा फटका मराठीला खास बसतो. 'फाइल परवा 👍' असा मेसेज आला तर ती पाठवली की पाठवणार? आपला 'परवा' मागेही जातो आणि पुढेही, दिशा ठरवतं क्रियापद. म्हणून 'फाइल परवा पाठवली आहे' किंवा 'परवा, गुरुवारी, पाठवतो' असं पूर्ण लिहा. 'शुक्रवारपर्यंत' मध्येही शुक्रवार धरायचा की नाही यावर वाद होतात, 'शुक्रवारी चारच्या आत' मध्ये होत नाहीत.

आणखी दोन चुका हमखास दिसतात. एक, इमोजी गेल्याबरोबर माणूस संबोधनही बदलतो. कालपर्यंत ज्याला 'तू' म्हणत होतो त्याला अचानक 'आपण पाठवावे' लिहिलं तर तो लगेच फोन करून विचारेल, 'काय झालं, रागावलास का?' तू असेल तर 'पाठवशील का', तुम्ही असेल तर 'पाठवाल का'. जे नातं आहे ते तसंच ठेवा. दुसरी चूक भाषेच्या सरमिसळीची: 'बिलं पाठविण्यात यावीत', 'काम झालं असून नोंद घ्यावी'. 'बिलं', 'झालं' ही बोलण्यातली रूपं, आणि बोलण्याची भाषा लिहिताना ती लेखननियमांनाही मान्य आहेत. टीममध्ये तीच वापरा. बाहेरच्या पत्रात 'बिले', 'झाले' वापरा, पण एका मेसेजात एकच. तिथेही 'बिले सहाच्या आत पाठवाल का?' हे अगदी औपचारिक आणि तरीही माणसाचं वाक्य आहे.

बहुतेक मेसेज या भांडुपच्या मेसेजपेक्षा लहान असतात आणि त्यांना एवढी मेहनत लागत नाही. 'गाडी लेट 😭 १५ मिन्स 🙏' याच्या जागी: "गाडी कुर्ल्याला थांबली आहे, पंधरा मिनिटं उशीर होईल. माझा विषय शेवटी घेतलात तर बरं पडेल."