परिशिष्ट उघडा, मग बोलू

मी एका प्रबंधाचा परीक्षक आहे. त्याचं परिशिष्ट दीडशे पानांचं आहे आणि मौखिक परीक्षा परवा. कुठून सुरुवात करू?

निष्कर्षाच्या प्रकरणातून. तिथलं एक ठाम वाक्य उचला आणि ते कोणत्या प्रश्नाच्या जोरावर लिहिलंय, तो प्रश्न कोऱ्या प्रश्नावलीत शोधा. माझ्याकडे आलेल्या एका प्रबंधात ‘उपक्रमामुळे विद्यार्थ्यांची वाचनसवय वाढली’ असं छातीठोकपणे लिहिलं होतं. प्रश्नावलीत होतं ‘मला गोष्टीची पुस्तकं आवडतात’, समोर सहमत-असहमतचे पाच रकाने. म्हणजे मोजली आवड आणि सांगितली सवय. ग्रंथालयाच्या देवघेव वहीतल्या नोंदी जोडल्या असत्या, तर निदान पुस्तकं घरी गेली एवढं तरी दिसलं असतं.

मला संख्याशास्त्र येत नाही. सरासरी खरी आहे का, हे कसं ओळखू?

गुणाकार येतो ना? मग पुरे. समजा, तक्त्यात २८ शिक्षकांची एका विधानावरची सरासरी ३.४५ दिली आहे. उत्तरं १ ते ५ अशी पूर्णांकात, म्हणून त्यांची बेरीजही पूर्णांकच हवी. २८ गुणिले ३.४५ म्हणजे ९६.६. बेरीज ९६ असेल तर सरासरी ३.४३ येते, ९७ असेल तर ३.४६. मधे काही नाही, म्हणून २८ जणांकडून ३.४५ येणं शक्यच नाही.

लगेच लबाडीचा शिक्का मारू नका. २९ जणांची बेरीज १०० असेल तर सरासरी दोन दशांशांपर्यंत ३.४५ येते. कदाचित एक अर्ज नंतर बाद केला आणि सरासरी जुनीच राहिली. परिशिष्टातल्या ओळी मोजल्या की उलगडा होतो. या पडताळणीला ‘ग्रिम’ म्हणतात. निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स यांनी ती मांडली. मात्र शंभराहून जास्त उत्तरं असतील, तर दोन दशांशांवर ती काहीच पकडत नाही. दहा विधानांची एकत्रित सरासरी असेल, तर दहा जणांतच शंभर उत्तरं होतात, हेही ध्यानात ठेवा.

मी परीक्षक नाही, प्रबंध लिहिणारा विद्यार्थी आहे. मी ४० मुलांची पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी घेतली. टी-मूल्याशेजारी df = 78 आलंय. परीक्षक अडवतील का?

अडवायलाच हवं. df म्हणजे स्वाधीनता मात्रा, ती गट कसे धरले यावरून ठरते. ७८ म्हणजे ४० अधिक ४० वजा २. तुम्ही त्याच मुलांना दोन परके गट समजून चाचणी लावलीत. जोडीची टी-चाचणी लावली असती तर ४० वजा १, म्हणजे ३९ आलं असतं. पुन्हा करा. पूर्वचाचणीत पुढे असलेली मुलं उत्तरचाचणीतही पुढेच असतील, तर फरक बहुधा अधिक ठळक निघेल.

पण आधी परिशिष्ट बघा. प्रत्येक मुलाचे दोन्ही गुण एकाच ओळीत आहेत का? पुष्कळदा दोन वेगळ्या याद्या असतात आणि दोन्ही उतरत्या क्रमाने लावलेल्या. मग कुठला गुण कुणाचा हे कळत नाही आणि जोडी जुळवता येत नाही. तसं असेल तर मूळ उत्तरपत्रिका काढून बसा.