फ्रिजचा करार करण्याआधी ‘गंज’ कुठे लिहिलाय ते बघा

“वकीलसाहेब, वेंगुर्ल्यात आमचं घर समुद्राजवळ आहे. दोन खोल्या पर्यटकांना देतो, जेवण बायको करते. फ्रिजची वॉरंटी पुढच्या महिन्यात संपते. दुकानदार म्हणतो, ३,४०० रुपयांत दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या. सर्व्हिसवाला म्हणतो, वर्षाला २,००० भरून एएमसी करा. काय करू?”

अटींचा छापील कागद हातात येईपर्यंत कुणालाच पैसे देऊ नका. दुकानदार रंगीत पत्रक दाखवेल, ते नको. मागायची ती अटींची पूर्ण प्रत.

एक्स्टेंडेड वॉरंटी बहुधा मूळ वॉरंटीतल्याच बिघाडांची मुदत वाढवते. म्हणजे मूळ कार्डात जे वगळलंय, ते पुढेही वगळलेलंच राहतं. किनाऱ्यावर हीच ग्यानबाची मेख आहे. खाऱ्या हवेने मागची नळी गंजते, बारीक छिद्र पडून गॅस निघून जातो, कॉम्प्रेसर चालू राहतो पण फ्रिज थंड होत नाही. तंत्रज्ञ जॉबशीटवर ‘गंजामुळे गळती’ लिहितो आणि दावा तिथेच अडकतो. ‘कॉम्प्रेसरला दहा वर्षं’ यावरही विसंबू नका. बऱ्याच कार्डांत ती हमी फक्त कॉम्प्रेसरची असते, गॅस आणि मजुरी वेगळी.

एएमसी हा देखभालीचा करार. तो पार्ट्ससह आहे की फक्त मजुरीचा, हे आधी विचारा. मजुरीचाच असेल तर वरच्या गळतीत नळी आणि गॅसचे पैसे तुम्हीच भरणार, शिवाय २,००० गेलेच. वर्षात किती भेटी, आणि कुडाळहून माणूस आला तर प्रवासखर्च कुणाचा, हेही बघा.

तुमची खरी अडचण मात्र होमस्टेची आहे. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी वस्तू वापरणारा २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘ग्राहक’ ठरू शकतो. पण वॉरंटीत ‘फक्त घरगुती वापरासाठी’ अशी अट असेल, तर ग्राहक आयोगात तुमची तक्रार दाखल होईल आणि तरीही कंपनी त्या अटीवर बोट ठेवेल. म्हणून वापर लपवू नका. दोघांनाही ईमेल करा: “घरी पर्यटकांचं जेवण होतं. गंजून गॅस गेला तर नळी, गॅस, मजुरी आणि प्रवासखर्च करारात आहे का?” तोंडी ‘हो हो, सगळं कव्हर’ नको, लेखी उत्तर हवं. हमी देणारा कोण, कंपनी की तिसराच, तेही नावानिशी लिहून घ्या आणि पावतीवर तेच नाव बघा.

दोघेही गंज वगळत असतील तर मी दोन्ही नाकारीन आणि ते पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवीन. पार्ट्ससह एएमसीवाल्याने गंज लेखी मान्य केला, तर मात्र २,००० योग्य.

लेखी हमी देऊन कुणी फिरलाच, तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. मग सिंधुदुर्गच्या जिल्हा आयोगात जा. तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.