मन हेलावण्याऐवजी पाणी

प्रश्न: आठवणींच्या लेखातला हा परिच्छेद आहे. ‘आजही गोदाकाठच्या त्या वाड्याची आठवण झाली की मन हेलावून जातं. पहाटे आजी तिच्या सुरकुतलेल्या, मायेच्या हातांनी बंब पेटवायची आणि धुराचा तो ओळखीचा वास साऱ्या वाड्यात दरवळायचा. आम्ही तिच्याभोवती घुटमळायचो, ती आम्हाला प्रेमाने न्हाऊ घालायची. किती निरागस होते ते दिवस! आज सगळं आहे, पण ती ऊब कुठेतरी हरवली.’ यातलं ‘मन हेलावून जातं’ फार नाटकी वाटतं. ‘मन गलबलून येतं’ चालेल का, की आणखी संयत शब्द आहे? (बंबाची तोटी गळायची. एकदा आजोबा पाणी ओतायला विसरले आणि बंबाचा जोडच सुटला, मग सहा दिवस पाणी चुलीवर तापवलं. हे किरकोळ वाटलं म्हणून गाळलं.)

उत्तर: ‘गलबलून’ घातलंत तर काही बदलणार नाही. गलबलून, गहिवरून, भरून, दाटून हे सगळे एकाच घरातले भाऊ आहेत. एकाला बाहेर काढून दुसऱ्याला आत घेतलं तरी घर तेच राहतं. तुमचा खरा ऐवज कंसात पडलेला आहे, पण त्याच्याकडे नंतर येतो. आधी शब्द.

‘हेलावणे’ हा मुळात वाईट शब्द नाही. भरलेली घागर उचलली की आतलं पाणी हेलावतं, नाव काठाला लागली की तिच्याभोवतीचं पाणी हेलावतं. कुणीतरी कधीतरी ही क्रिया मनाला लावली तेव्हा ती ताजी असणार. आता ‘मन’ म्हटलं की ‘हेलावून जातं’ आपोआप पुढे येतं आणि वाचणाऱ्याला पाणी दिसत नाही. शब्द नाटकी होतो तो असा: त्यातली वस्तू निघून जाते आणि नुसता आव उरतो. त्यामुळे माझा सल्ला असा की हा शब्द टाकू नका, त्याला त्याचं पाणी परत द्या. कसं, ते खाली दाखवतो.

हीच कसोटी बाकीच्या शब्दांना लावून पाहा. ‘दरवळणे’ हे सुवासाचं क्रियापद आहे. मोगरा दरवळतो, उदबत्ती दरवळते. बंबाचा धूर दरवळत नाही, तो न्हाणीघरात कोंडतो आणि डोळ्यांना झोंबतो. ‘ऊब’ गोधडीला असते, बंबाजवळ चटका असतो. आणि ‘न्हाऊ घालणे’? तान्ह्या बाळाचं सोडलं तर न्हाणं म्हणजे डोक्यावरून, शिकेकाई लावून. ते रोज नसायचं. रोजची ती अंघोळ. तुमच्या आजी रोज सकाळी सगळ्या मुलांना न्हाऊ घालत होत्या हे मला खरं वाटत नाही, आणि तुम्हालाही ते तसं आठवत नसावं. हे तिन्ही शब्द आठवणीतून आलेले नाहीत. ‘आजी’ आणि ‘पहाट’ शेजारी आले की मराठीत जे वाक्य तयार मिळतं, त्यातून ते आले आहेत. क्रियापद वस्तूला लागू पडत नसेल, तर लिहिताना ती वस्तू आपल्या डोळ्यांपुढे नव्हती असं समजायला हरकत नाही.

‘गोदाकाठ’ही त्यातलाच. तुमचा वाडा नाशिकचा असावा असं धरतो. तिथल्या जुन्या वस्तीत गोदावरीला बोलताना गंगा म्हणतात. गंगेवर जाऊन येते, गंगेला पाणी आलंय, बुधवारचा बाजार गंगेवर. पूर किती आला हे विचारलं तर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी लागलं ते सांगतात: गुडघे, कंबर, गळा. तुमच्या आजींच्या तोंडी ‘गोदाकाठ’ कधी आला असेल असं वाटत नाही. तो शब्द दिवाळी अंकाचा आणि कार्यक्रमपत्रिकेचा. ‘गंगेवर’ लिहिलंत तर गाव आपोआप येतं, वेगळं वर्णन लागत नाही.

आता दोन बारीक गोष्टी, ज्या शब्दकोशात सापडणार नाहीत.

एक म्हणजे ‘तो, ती, ते’. तुमच्या सहा ओळींत ‘त्या वाड्याची’, ‘तो ओळखीचा वास’, ‘ते दिवस’, ‘ती ऊब’ आहे. ही दर्शक सर्वनामं बोट दाखवतात, पण वाचणाऱ्याने तो वाडा पाहिलेलाच नाही. तुम्ही ‘तो वास’ म्हणता तेव्हा ‘तुम्हाला माहीतच आहे’ असं गृहीत धरता आणि वर्णनाचं काम टाळता. चारही काढून टाका आणि वाचून बघा. जिथे वाक्य एकदम उघडं पडतं, तिथे तपशील हवा होता.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे ‘-यची, -यचा, -यचो’. पेटवायची, दरवळायचा, घुटमळायचो, घालायची. आपल्या आठवणींच्या लेखनाचा निम्मा हळवेपणा या एका प्रत्ययात असतो, विशेषणांत नव्हे. हा प्रत्यय रीत सांगतो: असं नेहमी व्हायचं. शेकडो सकाळी एकमेकींवर ठेवल्या की त्यांचे फरक पुसले जातात आणि एक गुळगुळीत, सोनेरी सकाळ उरते. तिच्यात कुणी चिडत नाही, कुणाचा हात भाजत नाही, तोटी गळत नाही. जुनं रूप वापरून ‘पेटवी’, ‘घाली’ किंवा ‘पेटवत असे’ केलंत तर गोडवा आणखी वाढतो, कारण ती रूपं आता गोष्टीच्या पुस्तकातली वाटतात. उतारा एकच: एक सकाळ निवडा आणि साध्या भूतकाळात सांगा. पेटवला, विसरले, सुटला. रीत सांगायला एक-दोन वाक्यं ठेवायला हरकत नाही, पार्श्वभूमीपुरती.

आता कंसाकडे. बंब न पाहिलेल्या वाचकासाठी त्याची रचना मनाशी नीट आणा, कारण घटना त्या रचनेतच आहे. तांब्याच्या पिंपाच्या मधोमध एक नळकांडं असतं. त्यात ढलप्या, कोळसे पेटतात आणि भोवतीचं पाणी तापतं. एक बादली गरम पाणी काढलं की वरून तेवढंच गार ओतायचं. ते ओतलं नाही आणि आत निखारे फुलते राहिले, तर नळकांड्याची उष्णता घ्यायला पाणीच उरत नाही, आणि जोड वितळून सुटतो. आजोबांची चूक नेमकी कोणती ते यात स्पष्ट आहे. तिच्यावर कुठलाही भावनेचा शब्द चढवायची गरज नाही.

तुमच्याच सामानातून मी असं लिहून पाहिलं:

‘आजी गंगेवरून आली की बंब पेटवायची. त्याची तोटी गळकी होती, म्हणून खाली एक पातेलं असायचं. एका थंडीत आजोबांनी शेवटची बादली काढली आणि वरून गार पाणी ओतायला विसरले. आत निखारे होते. बंबाचा जोड सुटला. आजोबा तो भांडी बाजारात दुरुस्तीला टाकून आले. सहा दिवस पाणी चुलीवर तापलं. आजीने पातेलं दोन फडक्यांत धरून न्हाणीघरापर्यंत नेलं. उंबऱ्यापाशी पाणी हेलावलं की ती थांबायची, ते स्थिर झालं की पुढचं पाऊल टाकायची. आजोबांना ती काही बोलली नाही. सातव्या दिवशी बंब घरी आला. आजोबांनी तो स्वतः भरला, काठोकाठ.’

‘प्रेमाने’ नाही, ‘मायेचे हात’ नाहीत. हेलावणं आहे, पण पातेल्यात. काय हरवलं हेही सांगितलेलं नाही. ‘काही बोलली नाही’ हे वाक्य मी दोनदा काढलं आणि परत घातलं. ते भावनेच्या अगदी कडेला उभं आहे. पुढे ‘तिचा स्वभावच तसा होता’ असं काही जोडलंत तर मात्र गेलंच.

एक कबुली. गंगेवरून येणं, तोटीखालचं पातेलं, थंडी, भांडी बाजार, दोन फडकी, उंबरा, आजीचं गप्प राहणं आणि शेवटचं काठोकाठ भरणं हे मी रचलेलं आहे, तुम्ही सांगितलेलं नाही. तुमच्या नावावर जाणाऱ्या आठवणीत ते राहता कामा नये. आईला किंवा आत्याला फोन करून विचारा: बंब दुरुस्तीला कुणी नेला, आजी आजोबांना काय म्हणाली, त्या सहा दिवसांत आधी अंघोळ कुणाची? ती आजोबांवर कडाडली असेल, तर फारच छान. मग ‘काही बोलली नाही’ काढा आणि तिचे शब्द जसेच्या तसे घाला. ‘कशी होती गं आजी?’ असं विचारू नका, उत्तर ‘फार प्रेमळ’ येईल आणि आपण पुन्हा पहिल्या परिच्छेदात जाऊन पडू.

या वाटेला एक खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडलो आहे. हळवेपणा काढायचा म्हणून मी एकदा आमच्या स्वयंपाकघरावर दोन पानं लिहिली: घंगाळ, फडताळ, शिंकाळं, उतरंड, पाटा-वरवंटा, एकूण चौदा वस्तू. मावशीने वाचलं आणि म्हणाली, “यादी चांगली झालीये, पण घरात माणसं कोण होती रे?” एकही विशेषण नव्हतं, तरी ते स्मरणरंजनच होतं. फरक इतकाच की मनाच्या जागी जुने शब्द हेलावत होते. (स्मरणरंजन या शब्दातल्या ‘रंजन’मध्ये रंगवणं आहे, हे मला तेव्हा उशिरा लक्षात आलं.) शिंकाळं लिहायचं तर त्यावर मांजराने झेप घेतली पाहिजे, नाहीतर दोरी तुटली पाहिजे. उलट टोकाला गेलात तर पंचनामा होतो: बंब एक, तांब्याचा, तोटी नादुरुस्त. पंचनामा झाला की नाही ते ओळखायला एक साधं बघा. प्रत्येक वाक्यातली वस्तू कुणीतरी वापरतंय का? माझ्या मसुद्यात गळक्या तोटीखालचं पातेलं नुसतं ठेवलेलं आहे, त्याचं पुढे काही होत नाही. तिथे तो कच्चा आहे. त्यात साठलेल्या पाण्याचं आजी काय करत होती? ते कळलं तर वाक्य उभं राहील, नाही कळलं तर तोटी आणि पातेलं दोन्ही काढून टाका.

आणि ‘पातेलं’ हा माझा शब्द आहे. तुमच्या घरी त्याला भगुनं किंवा तपेलं म्हणत असतील, तर तेच लिहा.