चवथीची पाकिटं आणि कंपासपेटीतले पाचशे

'चवथीला आम्ही सगळे मूळ घरी जमतो. मुलांना पाकिटं मिळतात, कुणी हजार घालतं, कुणी शंभर. आपण किती घालायचे यावरून आम्हा नवराबायकोत दरवर्षी वाद होतो. मुलांना मिळालेले पैसे मी काढून ठेवते. यंदा मोठ्याने विचारलं, "माझे पैसे गेले कुठे?" तो दहा वर्षांचा आहे. त्याच्या हातात पैसे द्यावेत का?' (एक आई, म्हापसा)

ताई, दोन वर्षांपूर्वी गणपती पोचवल्यानंतरच्या आठवड्यात एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. त्यांचीच गोष्ट सांगते, ओळख पटेल असं काही न ठेवता. मूळ घर डिचोली तालुक्यात, भाऊ चार, सगळ्यांची मिळून मुलं नऊ. हे तिसरे. त्यांना दहा वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. मुलाच्या कंपासपेटीत घडी घातलेली पाचशेची नोट सापडली आणि आईच्या तोंडून शब्द निघाला, 'चोरी'.

नोट कुणाची, असं मी विचारलं. तर ती त्याच्याच पाकिटातली होती. सगळी पाकिटं आईकडे देताना त्यातलं एक त्याने रिकामं करून दिलं होतं. दुसऱ्याच्या पाकिटाला किंवा आईच्या पर्सला त्याने हात लावला असता, किंवा कुणी मोठी मुलं त्याच्याकडे पैसे मागत असती, तर मी वेगळ्या रस्त्याने गेले असते. इथे मुलगा स्वतःचेच पैसे स्वतःच्या आईपासून लपवत होता. तशी वेळ त्याच्यावर का आली, हा प्रश्न होता.

पण आईला आधी दुसरंच बोलायचं होतं. 'आम्ही धाकट्या जावेच्या तिन्ही मुलांना पाचपाचशे देतो, आणि त्यांच्याकडून आमच्या मुलांना शंभर-शंभर.' मग आम्ही कागद घेतला. बोटीवर नोकरीला असलेले थोरले दीर प्रत्येक मुलाला हजार देतात. दुसरे पाचशे, हे दोघंही पाचशे आणि मूळ घरीच राहणारा, छोटं दुकान चालवणारा धाकटा शंभर. थोरल्या तिघांना दोन-दोन मुलं, धाकट्याला तीन. यांनी सात पुतण्यांना मिळून दिले 3,500. यांच्या दोघांना आले 3,200. पाच वर्षांचा राग वर्षाकाठी तीनशे रुपयांचा निघाला. नवरा हसला आणि बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की तो लगेच गप्प झाला.

मी मात्र कागद मिटू दिला नाही. हाच हिशेब मुलांच्या बाजूने मांडायला सांगितला, कारण पाटावर बसून पाकिटं मोजतात ती मुलं. बापाकडून स्वतःच्या मुलांना पाकीट नसतं. त्यामुळे सगळ्यांत जास्त देणाऱ्या थोरल्याच्या मुलांच्या हाती येतात सर्वांत कमी, 1,100. मधल्या दोघांच्या मुलांना 1,600. आणि धाकट्याच्या प्रत्येक मुलाला 2,000. यात कुणी दुजाभाव केलेला नाही, ही नुसती बेरीज आहे. पण आठ-दहा वर्षांच्या पोराला ती बेरीज कोण समजावणार? त्याला एवढंच दिसतं की त्याला दोन हजार आणि मला अकराशे.

त्या घरात ठरलं ते असं. प्रत्येकाने वेगळं पाकीट द्यायचं नाही. आरती झाली की आजीच्या हातून प्रत्येक मुलाला एकच पाकीट, घराचं, आणि सगळ्यांना सारखं. रक्कम ठरवताना मी दोन कसोट्या सुचवल्या होत्या. सगळ्यांत कमी कमावणाऱ्या भावाला उसने न घेता आपला वाटा देता आला पाहिजे. आणि ते सगळे पैसे मुलाने वाया घालवले तरी तुमची त्या रात्रीची झोप उडता कामा नये. दोन्हींत बसली पाचशेची रक्कम. नऊ मुलांचे साडेचार हजार. थोरल्याने दोन हजार घातले, मधल्या दोघांनी एक-एक, धाकट्याने पाचशे. कुणी किती घातले हे मुलांपुढे काढायचं नाही, हीच अट. वयाप्रमाणे रक्कम वाढवू का, असंही विचारून झालं. मी नको म्हटलं, कारण पाटावर सगळे एका रांगेत बसतात.

हा तोडगा मीच सुचवला आणि त्यातली खोच मला उशिरा दिसली. धाकट्याच्या घरात दर चवथीला सहा हजार यायचे, आता दीड हजार येणार होते. त्या पैशांतून तो पोरांची दप्तरं, बूट, शिकवणीची फी भागवायचा, हे कुणी कधी मोठ्याने बोललं नव्हतं. थोरल्याला ते कळत असणार, म्हणूनच हजार. म्हणजे इतकी वर्षं एक भाऊ दुसऱ्याला मदत करत होता, आणि ती मुलांच्या पाकिटातून जात होती. अशी मदत देणाऱ्याला बोलून दाखवता येत नाही, घेणाऱ्याला मान्य करता येत नाही, आणि मुलांना आपले पैसे आपले वाटत नाहीत.

म्हणून भावांनी दुसरा कागद मांडला. मूर्ती, माटोळीचं सामान, भटजींची दक्षिणा, पाहुण्यांचं जेवण हा सगळा खर्च मूळ घरी राहतो म्हणून बहुतेक धाकट्याच्याच अंगावर पडत होता. तो चौघांत वाटला, थोरल्याने दोन वाटे घेतले. धाकट्याला कुणापुढे हात पसरावा लागला नाही, कारण ही मदत नव्हतीच, त्याचंच येणं होतं. सगळ्याच घरांत भाऊ असे एकत्र बसत नाहीत, हे मला माहीत आहे. नाही बसले, तर निदान आपल्या बाजूने सगळ्या पुतण्यांना एकच रक्कम धरा आणि येणाऱ्याशी ताळा करणं सोडा. आणि माहेरच्या पाकिटांना या हिशेबात आणू नका. मामाने किती द्यावे हे कुणाला ठरवता आलेलं नाही.

आता कंपासपेटी. मी मुलाला एकट्याला विचारलं, तुझे किती पैसे आईकडे आहेत? तो म्हणाला, 'चार हजार.' आईच्या मते तीनएक. पण दाखवायला एकही रुपया नव्हता. सिलिंडर, शाळेची सहल, एकदा विम्याचा हप्ता यांत सगळे गेले होते. 'त्याच्यासाठीच तर गेले,' ती म्हणाली. खरं आहे, पण सिलिंडर आईबापाने भरायचा असतो. 'ठेवायला' म्हणून घेतलेले पैसे मागितल्यावर निघाले नाहीत, की मूल एकच धडा घेतं, पैसे हाती आले की आधी लपवावेत.

मी तिला मुलाचा आकडा मान्य करायला सांगितलं. तिला ते जड गेलं. तिने वहीत लिहून दिलं, 'तुझे 4,000 माझ्याकडून येणे', आणि दोन महिन्यांत दोन हप्त्यांत फेडले. त्या पैशांतून पोस्टात त्याच्या नावाने बचत खातं काढलं. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला ते स्वतःच्या सहीने चालवता येतं आणि सुरुवातीला पाचशे रुपये पुरतात. बँकेतही असं खातं निघतं, पण मला पासबुकावरची छापील ओळ हवी होती. व्याज वर्षाला 4 टक्के, म्हणजे चार हजारांवर एकशे साठ. 'वर्षभर थांबून एवढंच?' मुलगा म्हणाला. मी हो म्हटलं. बँकेत पैसे झाडासारखे वाढतात असं मुलांना सांगू नये, पहिल्याच नोंदीत खोटं पडतं. खात्याचा उपयोग एवढाच की पैसे कुणाच्या सिलिंडरमध्ये जात नाहीत.

एक बारीकशी गोष्ट, पण हल्ली ती घरोघर आहे. बोटीवरचा काका आईच्या मोबाइलवर पैसे पाठवतो आणि फोन टुणकन वाजतो, मुलाला तेवढंच कळतं. त्या घरात नियम झाला, तेवढी नोट त्याच दिवशी मुलाच्या हातात.

पाच वर्षांच्या मुलीला खातं-बितं काही सांगायचं नव्हतं. या वयात मूल किंमत मोजत नाही, नग मोजतं. शंभरच्या एका नोटेपेक्षा दहा रुपयांची पाच नाणी तिला जास्त वाटतात. तिच्यासाठी पाचशेतले पन्नास नाण्यांच्या रूपात एका बरणीत ठेवले, बाकीचे तिच्या नावाने वहीत. आणि जे घ्यायचं ते दोन आठवड्यांच्या आत मिळेल असंच. 'दिवाळीला सायकल' असं पाच वर्षांच्या मुलाला सांगणं म्हणजे 'कधीच नाही' म्हणण्यासारखं आहे.

पुढच्या चवथीला मुलगा अकराचा झाला होता. आजीच्या हातून पाचशे आले. त्याने दोनशे पोस्टात टाकले, तीनशे जवळ ठेवले. आईबापाला नकार द्यायचा हक्क फक्त धोक्याच्या वस्तूंपुरता होता. फटाक्यांना 'नाही' झालं, त्यावर तो आठवडाभर रुसला. एकशे दहा रुपयांची क्रिकेटची बॅट घेतली, ती तिसऱ्या दिवशी दांड्यात मोडली. आईचा मला फोन, 'आता बोलू का?' मी म्हटलं, तोच बोलेपर्यंत थांबा. चौथ्या दिवशी तो म्हणाला, जरा महागातली घ्यायला हवी होती.

मग वाड्यावर नरकासुर उभा राहायला लागला. पोरांनी गवत आणलं, रद्दी आणली, मुखवट्याला आणि रंगाला वर्गणी काढली. याने दीडशे दिले. आई चिडली, 'पहाटे जाळणारच ना ते!' मला विचाराल तर त्या दीडशेत त्याला तीन आठवडे संध्याकाळचं काम मिळालं, दोस्त मिळाले आणि चतुर्दशीच्या पहाटे मिरवायला मिळालं. मी तो खर्च वाया गेला म्हणणार नाही. पण त्याचा एक परिणाम व्हायचा होता. तीनशेतले उरले चाळीस, आणि भाऊबीज दारात.

तोवर ओवाळणीची नोट आईच त्याच्या हातात द्यायची आणि तो ती तबकात टाकायचा. बहिणीला मिळायचे आईचेच पैसे. यंदाही तिने दोनशेची नोट काढून ठेवली होती. मी फोनवर एवढंच म्हटलं की ती तुमच्याजवळच राहू दे, तो मागतो का पाहा. त्याने मागितले नाहीत. आदल्या संध्याकाळी तो नाक्यावरच्या दुकानात गेला आणि चाळीस रुपयांची दोन-दोनची नाणी करून घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी बहिणीने ओवाळलं. त्याने तबकात एक-एक करून वीस नाणी टाकली. मामेभावाने पाचशेची एक नोट ठेवली होती, ती तिने आईकडे दिली आणि नाणी घेऊन जमिनीवर मोजायला बसली.