क्रिएटिन पावडर शाकाहारी असते का? वीगन माणसाला चालते का? कंपनी ‘सिंथेटिक’ म्हणते ते खरं की खोटं, कसं तपासायचं?

साधी, बिनस्वादाची पावडर असेल तर शाकाहारी आणि वीगनही. कॅप्सूल किंवा गमी असेल तर डबा हातात घेतल्याशिवाय मी कुणालाच ‘हो’ म्हणणार नाही, कारण तिथंच माझं नाक कापलं गेलंय.

आमचं घर माळकरी. मी कुरकुंभच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत क्यूसीला आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या मालाचे रिपोर्ट तपासणं हेच काम. जिम सुरू केल्यावर क्रिएटिनच्या कॅप्सूल मागवल्या. आषाढी एकादशीला दाजी आले, त्यांचं मेडिकलचं दुकान आहे. फ्रिजवरची बाटली उचलून आईसमोरच म्हणाले, “हे मटणापासून काढतात, माहितीये ना?” आईनं काही न बोलता बाटली बाल्कनीत नेऊन ठेवली आणि माझा पेला घरातल्या भांड्यांतून बाजूला काढला. मी तासभर रसायनशास्त्र शिकवलं. शेवटी दाजींनी बाटली फिरवून तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण दाखवला. मांसाहारी! आतली पावडर कारखान्यातलीच होती, पण वरचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचं. ऑनलाइन मागवताना फोटोत ती बाजू दिसलीच नव्हती. क्यूसीच्या माणसाला हे शोभत नाही, मान्य. पण दाजी जिंकले ते चुकीच्या कारणानं, आणि ते मला आजवर पटवता आलेलं नाही.

क्रिएटिन मटणात असतं हे खरंच. 1832 साली शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ते मांसातच सापडलं आणि नावही मांसासाठीच्या ग्रीक शब्दावरून पडलं. पण किलोभर कच्च्या मांसात ते जेमतेम चार-पाच ग्रॅम असतं. 300 ग्रॅमच्या एका डब्यासाठी किमान साठ किलो मांस लागेल, तेही सगळं क्रिएटिन हाती आलं असं धरून. साठ किलो मटणाचा आजचा भाव करा आणि डब्याची किंमत बघा. दाजींचं यावर उत्तर होतं, “अरे, कत्तलखान्यातली हाडं-कातडी स्वस्तात मिळतात.” मिळतात ना, म्हणून तर जिलेटिन स्वस्त आहे. पण क्रिएटिन राहतं स्नायूत. हाडाकातड्यातून ते काढायला जाणारा माणूस दिवाळखोर होईल.

बाजारातलं क्रिएटिन दोन रसायनांपासून होतं, सार्कोसिन आणि सायनामाइड. सार्कोसिन या नावातही ग्रीक ‘मांस’ लपलेलं आहे, पण कारखान्यात ते मिथाइलअमाइन वगैरे साध्या रसायनांतून बनतं. सायनामाइडची सुरुवात तर चुनखडी आणि कोळशापासून होते. त्यांचं कार्बाइड, मग हवेतला नायट्रोजन घेऊन कॅल्शियम सायनामाइड, आणि त्यातून सायनामाइड. दोन्ही गरम, अल्कधर्मी पाण्यात एकत्र आणतात. थंड झाल्यावर क्रिएटिन मोनोहायड्रेटचे पांढरे स्फटिक खाली बसतात. ते गाळायचे, धुवायचे, सुकवायचे. जनावर कुठंच येत नाही.

आता तपासायचं कसं. मटणातला क्रिएटिनचा रेणू आणि कारखान्यातला रेणू अगदी सारखेच, त्यामुळे शुद्धता 99.9 टक्के आली म्हणून उगम कळत नाही. उगम सांगते ती घाण. सायनामाइडचे दोन रेणू एकमेकांना चिकटले की डायसायनडायमाइड तयार होतं. हे मांसात नसतं. रिपोर्टमध्ये ते थोडंसं दिसलं तर माल सायनामाइडच्या वाटेनं आलाय याचा तो साक्षीदार समजा. दिसलं नाही म्हणून मटण ठरत नाही, स्फटिक चांगले धुतले असतील इतकंच.

त्या प्रकरणानंतर मी दुसऱ्या कंपनीची साधी पावडर घेतली आणि त्यांना मेल टाकला. पहिलं उत्तर आलं ते हिरव्या पानांचं चित्र, वर ‘शंभर टक्के व्हेज’. असल्या चित्राला रद्दीचा भावही येत नाही. मग स्पष्ट मागितलं: माझ्या डब्यावरच्या बॅच नंबरचा सीओए म्हणजे त्या बॅचचा तपासणी रिपोर्ट, कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्याचं नाव, आणि सुरुवातीची रसायनं व मिसळलेले पदार्थ प्राणिज नाहीत असं सहीशिक्क्याचं पत्र. आठवड्यानं सीओए आला, पण बॅच नंबर जुळेना. बहुतेक ब्रँड माल बनवत नाहीत, पोत्यातून डब्यात भरतात. रिपोर्ट पोत्याचा होता. भरणाऱ्याकडची नोंद मागवली तेव्हा पोतं आणि डबा यांची सांगड लागली. त्यात डायसायनडायमाइड 28 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 28 भाग होतं आणि वाळवल्यावरची घट 11.9 टक्के. ही घट बघायची सवय लावा. मोनोहायड्रेटमध्ये सुमारे 12 टक्के स्फटिकातलं पाणीच असतं. सीओएवर मोनोहायड्रेट लिहून घट अर्धा टक्का दाखवली असेल, तर रिपोर्ट दुसऱ्याच कशाचा तरी आहे.

एवढा पत्रव्यवहार नको असेल तर कारखान्याचं नाव छापणारा माल घ्या. जर्मनीतल्या ट्रोस्टबर्गची अल्झकेम कंपनी ‘क्रिएप्युअर’ नावानं बनवते, आणि तो माल वापरणारे ब्रँड ते चिन्ह डब्यावर मिरवतात. महाग पडतं.

चिन्हांचं थोडक्यात. चौकटीतला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, पण आपल्या कायद्यात दूध शाकाहारीच आहे. चॉकलेट स्वादाच्या डब्यात दुधाची भुकटी असली तरी ठिपका हिरवाच राहतो. वीगनसाठी 2022 च्या नियमांनी वेगळं चिन्ह आलं, इंग्रजी व्ही आणि वर पान. ते छापायला एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मान्यता लागते. साध्या पावडरवर ते नसेल तर बिघडत नाही, घटकांच्या यादीत एकच ओळ आहे ना ते बघा. एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर foscos.fssai.gov.in वर टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे ते कळतं. माल शाकाहारी आहे का, हे त्यावरून कळत नाही, तरी लोक तोच स्क्रीनशॉट पुरावा म्हणून फिरवतात.

आणि हो, डायसायनडायमाइड साक्षीदार आहे म्हणून जास्त असलेलं चांगलं, असं नाही. पीपीएमचा आकडा तीन अंकी असेल तर धुलाई नीट झालेली नाही, तो माल सोडा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. नसला तरी रक्त तपासायला जाताना क्रिएटिन चालू असल्याचं सांगा, क्रिएटिनपासूनच शरीरात बनणारं क्रिएटिनिन रिपोर्टमध्ये थोडं वर दिसू शकतं. माझं दिसलं, आणि तो रिपोर्ट पहिल्यांदा वाचला दाजींनी. अजून सांगत फिरतायत, “मटण बाधलं.”